ब्रेडला तार सुटली, आता उत्तर काय लिहू?

मे महिन्यातल्या एका शनिवारी माझ्या एका मित्राच्या बेकरीला एक स्टार मिळाला. देणाऱ्या ताईंनी लिहिलं होतं ते साधारण असं:

"गुरुवारी संध्याकाळी गव्हाचा ब्रेड घेतला. शुक्रवारी सकाळी मुलाच्या डब्यात दिला तेव्हा ठीक वाटला. आज सकाळी पाकीट उघडलं तर आतून कच्चा, चिकट आणि अननस सडल्यासारखा वास. पाकिटावर चार दिवस टिकतो असं छापलंय. शिळा माल ताजा म्हणून विकतात. मुलानं खाल्ला असता तर?"

सोबत एक फोटो. स्लाइस मधून फाडलेली आणि दोन्ही तुकड्यांच्या मधे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे.

मित्र शाळेपासूनचा, पुण्यातच उपनगरात बेकरी चालवतो. मोठी नाही, लादीपाव, खारी, नानकटाई आणि गेली काही वर्षं 'प्रिझर्वेटिव्ह नसलेला' शंभर टक्के गव्हाचा ब्रेड. मी कॉम्प्युटरवाला, म्हणजे त्याच्या मते मला असल्या उत्तरांचं जन्मजात ज्ञान असणार! त्यानं लिहिलेला मसुदा मला पाठवला, 'बघ रे जरा, शुद्धलेखन तपास' म्हणून.

"मॅडम, आमच्याकडे गेली अनेक वर्षं रोज ताजा माल बनतो. आजवर अशी तक्रार आलेली नाही. आमच्या ब्रेडमध्ये केमिकल नसल्यामुळे तो उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. तरीही आपल्याला त्रास झाला असल्यास क्षमस्व. पुढील खरेदीवर १० टक्के सूट देऊ. कृपया रिव्ह्यू बदलावा."

शुद्धलेखन उत्तम होतं. बाकी सगळं चुकलं होतं, आणि तो काही लबाड माणूस नाही हे मला पक्कं माहीत आहे म्हणून जास्तच वाईट वाटलं. आपल्याकडे बहुतेक दुकानदार असंच लिहितात. 'त्रास झाला असल्यास' यातला 'असल्यास' वाचून कुणाचाही पारा चढेल. फोटो दिलाय ना बाईंनी!

पण माझा मुख्य आक्षेप भाषेवर नव्हता. त्यानं तक्रार नीट वाचलीच नव्हती. 'शिळा' आणि 'कच्चा' हे दोन शब्द त्याला लागले (लागणारच, पहाटे तीनला उठून भट्टी लावणारा माणूस तो) आणि तो त्या दोन शब्दांशी भांडत बसला. आमच्या धंद्यात हे रोज होतं. युजर सांगतो 'तुमचा सर्व्हर बंद आहे', सर्व्हर तर चालू असतो, मग आम्ही विजयी मुद्रेनं 'सर्व्हर चालू आहे' असं कळवून तक्रार बंद करतो. युजरचं निदान चुकलेलं असू शकतं. पण त्यानं सांगितलेली लक्षणं जवळजवळ कधीच खोटी नसतात.

या ताईंची लक्षणं बघा. ब्रेड कच्चा राहिला असेल तर तो पहिल्या स्लाइसपासून कच्चा असतो, मधे किंवा तळाशी पिठूळ लागतो आणि वास यीस्टचा, मळलेल्या पिठाचा येतो. इथे शुक्रवारी ब्रेड ठीक होता. म्हणजे कच्चा नाही. शिळा ब्रेड म्हणाल तर तो कोरडा होतो, चुरा पडतो. इथे तर उलट तो ओला आणि चिकट होत गेला. बुरशी असती तर बाहेरच्या बाजूला हिरवे-पांढरे ठिपके दिसले असते. फोटोत वरचं कवच व्यवस्थित, आणि आतला मऊ भाग मात्र तपकिरी पडून तार सुटलेली. त्यात पिकून गेलेल्या अननसाचा वास. एवढी लक्षणं एकत्र आली की बेकरीवाल्याच्या डोक्यात एकच शब्द यायला हवा. इंग्रजीत त्याला 'रोप' म्हणतात, म्हणजे दोर. आपल्याकडे शिळ्या वरणाला तार सुटली म्हणतात, तसंच हे.

हा प्रकार बॅसिलस सबटिलिस आणि त्याच्या भाऊबंदांमुळे होतो. हे जिवाणू मातीत राहतात, तिथून गव्हाच्या सालीवर आणि सालीबरोबर पिठात येतात. म्हणून मैद्यापेक्षा कोंड्यासकट दळलेल्या पिठात ते जास्त. भट्टीचं तापमान २०० अंशांच्या वर असलं तरी ब्रेडच्या पोटात पाणी असतं, त्यामुळे तिथे १०० अंशांच्या वर काही जात नाही, साधारण ९५ ते ९८ पर्यंत. यीस्ट त्यात मरतं, पण या जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत. ब्रेड निवला की ओलसर, उबदार, आंबटपणा नसलेलं आयतं घर त्यांना मिळतं. हवा तिशीच्या पुढे असेल तर एक-दोन दिवसांत ते जागे होऊन स्टार्च आणि प्रथिनं फोडायला लागतात, भोवती बुळबुळीत पदार्थ तयार करतात. ते धागे त्याचेच. हिवाळ्यात हाच ब्रेड, हेच पीठ, आणि काही होत नाही. लादीपावाला हा प्रश्न फारसा भेडसावत नाही, कारण सकाळचा पाव संध्याकाळपर्यंत वडा किंवा भाजीबरोबर संपलेला असतो.

आता 'फ्रिजमध्ये ठेवायला हवा होता' हे वाक्य बघू. तांत्रिकदृष्ट्या ते खोटं नाही, थंडीत हे जिवाणू वाढत नाहीत. (फ्रिजमध्ये ब्रेड लवकर कडक होतो, ती गोष्ट वेगळी. जास्त दिवस ठेवायचा तर फ्रीझर बरा.) पण पाकिटावर 'चार दिवस टिकतो' एवढंच छापलं होतं, फ्रिजचा उल्लेख नव्हता. मी विचारलं, हे चार दिवस कुठून आले? तर म्हणाला, सुरुवात केली तेव्हा ठेवून बघितला होता. कधी? डिसेंबरात! पुण्यातल्या डिसेंबरात तपासलेलं लेबल मे महिन्यात तसंच चालू. मग ताईंच्या ओट्यावरच्या उकाड्याला दोष देऊन कसं चालेल? पुण्यात विकायचा ब्रेड पुण्यातल्या मे महिन्यात टिकला पाहिजे, नाहीतर पाकिटावर तसं स्पष्ट लिहायला पाहिजे.

हे सगळं फोनवर झालं. त्याला पटलं, पण चटकन नाही. 'अरे, मग मी जगजाहीर कबूल करू की माझ्या बेकरीत किडे आहेत?' किडे नाहीत बाबा, जिवाणू. पण त्याची भीती खरी होती. दोन गल्ल्या सोडून नवी बेकरी उघडली आहे. एका वाक्यानं गिऱ्हाईक तुटू शकतं.

मी म्हटलं, आधी उत्तर राहू दे, गुरुवारच्या मालातलं काही शिल्लक आहे का? होतं. गुरुवारी दुपारी दहा किलो पिठाचे, चारशे ग्रॅमचे चाळीस ब्रेड निघाले होते. सात फळीवर उरलेले. पाच मशीनवर कापलेले, दोन अख्खे. सातही फोडून, मधला भाग बोटांनी दाबून हळूच ओढून बघितला. कापलेल्या पाचांपैकी चारांना तार. अख्ख्या दोन्हींना काही नाही.

इथे आमच्यातल्या कुणालाही वाटेल की सापडला चोर, स्लायसर! मशीनच्या पात्यांमधे आणि खालच्या ट्रेमधे जुना चुरा साठलेला असतो, त्यात बीजाणू असले तर प्रत्येक कापलेल्या ब्रेडला आतपर्यंत लस टोचल्यासारखे पोचतात. संशय रास्त होता. पण दोन अख्खे ब्रेड म्हणजे पुरावा म्हणायला फारच कमी, आणि ते उद्या बिघडणार नाहीत हे कुणी सांगितलं? म्हणून त्यानं त्याच दिवशी, शनिवारी, एकाच कणकेचे चार ब्रेड बाजूला काढले. दोन मशीनवर कापले, दोन उकळत्या पाण्यातून काढलेल्या सुरीनं, धुतलेल्या पाटावर. चारही नेहमीच्या पिशवीत बांधून भट्टीशेजारच्या फळीवर, जिथे तापमान ३३-३५ च्या आसपास राहतं, तिथे ठेवले. निकाल यायला दोन-तीन दिवस लागणार होते.

आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला महत्त्वाचा निर्णय इथे होता. उत्तर आत्ता द्यायचं की निकाल लागल्यावर? मित्राचं म्हणणं, नक्की कळल्याशिवाय काय लिहू. माझं म्हणणं, गुरुवारचे तेहतीस ब्रेड लोकांच्या घरी आहेत, चार दिवस म्हणजे सोमवारपर्यंत कुणीतरी ते खाणार आहे. उत्तर त्या ताईंना आहे, पण त्या तेहतीस घरांनाही आहे. त्यांना कारण कळायची गरज नाही, ब्रेड खायचा की नाही हे कळायला हवं. कारण मंगळवारी सांगता येईल.

शेवटी शनिवारी दुपारी त्यानं दुसऱ्यांदा लिहिलं. यातले शब्द बहुतेक त्याचेच, मी फक्त कात्री चालवली:

"नमस्कार ताई. आपण फोटोत दाखवलेली चूक आमची आहे. गुरुवारचा उरलेला माल आज आम्ही फोडून पाहिला, त्यातल्या चार ब्रेडमध्ये हेच आढळलं. पिठातून येणाऱ्या जिवाणूंमुळे उन्हाळ्यात ब्रेडला आतून तार सुटते, आणि आम्ही ती वेळेवर ओळखायला हवी होती. ब्रेड आपण घरी कसा ठेवला याचा यात दोष नाही. पाकिटावरचे चार दिवस या हवेत चुकीचे आहेत.

आपल्या मुलानं शुक्रवारी खाल्लेला ब्रेड ठीक वाटला होता, त्यामुळे सहसा काही होऊ नये. तरीही उलटी, जुलाब असं काही झालं तर डॉक्टरांना दाखवा आणि मला कळवा, खर्च माझा.

गुरुवारी आमच्याकडून गव्हाचा ब्रेड घेतलेल्या सगळ्यांना विनंती, तो खाऊ नका, चांगला दिसत असला तरी. पिशवी बांधून कचऱ्यात टाका, दुकानात परत आणू नका. बिल नसलं तरी चालेल, नुसतं येऊन सांगा, पैसे रोख परत मिळतील. कापलेला गव्हाचा ब्रेड आजपासून बंद ठेवला आहे. तपासणीत काय निघालं ते मंगळवारी इथेच लिहीन."

खाली त्याचं नाव आणि दुकानाचा फोन नंबर.

यातल्या दोन गोष्टींबद्दल त्याच्याशी बराच वाद झाला, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली, पैसे रोख आणि बिनशर्त. दहा टक्के सूट म्हणजे ज्यानं आत्ताच खराब ब्रेड दिला त्याच्याकडे आणखी खरेदी करायची शिक्षा. आणि 'रिव्ह्यू बदला' अशी अट घातली की ती भरपाई राहत नाही, ती तोंड बंद ठेवायची किंमत होते, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. 'बिल नसतानाही पैसे' म्हटल्यावर मित्र हबकला, उद्या अख्खी सोसायटी येईल म्हणाला. मी हिशोब मांडला. विकले गेले तेहतीस, एकाची किंमत ६० रुपये. सगळेच्या सगळे आले तरी १९८० रुपये. दोन-चार लोक खोटं बोलून नेतील ते वेगळं. एवढ्या रकमेसाठी लोकांकडे बिल मागत बसायचं? प्रत्यक्षात नऊजण आले. त्यातल्या एका आजोबांनी पैसे न घेता खारी घेतली आणि वर 'आमच्या ब्रेडला काही झालं नव्हतं हो' असंही सांगून गेले.

दुसरी गोष्ट, 'परत आणू नका'. ही अट बहुतेक दुकानदारांच्या डोक्यातच येत नाही. सगळीकडे उलट असतं, खराब माल दाखवा आणि पैसे घ्या. पण तार सुटलेला ब्रेड बेकरीत परत आणणं म्हणजे व्हायरस असलेली पेन ड्राइव्ह तपासायला म्हणून ऑफिसच्या मुख्य मशीनला लावणं. काउंटरवर कुणी पिशवी उघडून दाखवणार, चुरा सांडणार, पोऱ्या तो त्याच फडक्यानं पुसणार. शिवाय बऱ्याच बेकऱ्यांमधे उरलेल्या ब्रेडचे टोस्ट नाहीतर ब्रेडचा चुरा करतात. त्यात चुकून एक असा ब्रेड गेला की पुढच्या महिनाभराची तक्रार तयार. गिऱ्हाइकाच्या शब्दावर विश्वास ठेवणं इथे नुसतं सौजन्य नव्हतं, स्वच्छतेची गरज होती.

आणखी एक, लहान पण मला आवडलेलं. 'हा जिवाणू निरुपद्रवी असतो' असं त्याला लिहायचं होतं, कुठेतरी तसं वाचलं होतं म्हणे. असा ब्रेड खाऊन माणसं सहसा गंभीर आजारी पडत नाहीत हे खरं. पण या जिवाणूंची संख्या खूप वाढलेलं अन्न खाऊन उलट्या-जुलाब झाल्याच्या नोंदी आहेत. ज्या आईनं 'मुलानं खाल्ला असता तर?' असं विचारलंय तिला 'निरुपद्रवी' हा शब्द पाठवायचा नसतो. तो काढला.

सोमवारी संध्याकाळी मशीनवर कापलेले दोन्ही ब्रेड गेले होते, वास फळीपासून हातभर अंतरावर येत होता. सुरीनं कापलेल्यांपैकी एक मंगळवारीही ठीक, पण दुसऱ्याला मंगळवारी सकाळी किंचित वास यायला लागला होता. म्हणजे चोर एकटा स्लायसर नव्हता. पिठात बीजाणू होतेच, स्लायसर त्यात भरपूर भर घालत होता. नुसतं मशीन धुऊन विषय संपवला असता तर जूनमधे पुन्हा हेच. कबूल केल्याप्रमाणे त्यानं मंगळवारी हे असंच्या असं लिहिलं, 'एक कारण सापडलं, दुसरं पीठ आहे आणि ते पूर्ण घालवता येत नाही' या वाक्यासकट.

पीठ बदलून फार उपयोग नाही, कारण मातीत उगवलेल्या गव्हात हे असायचंच. मग उरतात दोन वाटा. एक म्हणजे कॅल्शियम प्रोपिओनेट. बाजारातल्या पाकीटबंद ब्रेडमधे बहुधा तेच असतं, घटकांच्या यादीत २८२ हा आकडा दिसतो तो त्याचा. पिठाच्या शेकडा पाव टक्क्याच्या आसपास पुरतं, ते या जिवाणूंना आणि बुरशीलाही रोखतं. माझं मत विचाराल तर, घाला आणि लेबलवर स्वच्छ लिहा. पण लोकांच्या मनात सगळी 'केमिकलं' एकाच पोत्यात भरलेली आहेत. २०१६ च्या मे महिन्यात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं ब्रेडमधल्या पोटॅशियम ब्रोमेटबद्दल अहवाल काढला, आणि त्याच वर्षी सरकारनं ब्रोमेटवर बंदी आणली. ती योग्यच होती. पण ब्रोमेट हे ब्रेड फुगवायला मदत करणारं, प्रोपिओनेट तो टिकवणारं, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. हे काउंटरवर उभं राहून किती जणांना समजावणार? 'प्रिझर्वेटिव्ह नाही' हीच मित्राच्या ब्रेडची ओळख, ती सोडायला तो तयार नव्हता.

दुसरी वाट जुनी आहे, आंबटपणा. कणीक थोडी आंबट केली की हे बीजाणू सहजासहजी उठत नाहीत. आंबवणीच्या कणकेच्या ब्रेडला तार सहसा सुटत नाही ती याचमुळे. मित्रानं साधं व्हिनेगर घ्यायचं ठरवलं, दहा किलो पिठाला पाव लिटर, आणि तेवढं पाणी कमी. यीस्ट थोडं मंदावतं, कणीक फुगायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे पहाटेचं वेळापत्रक सरकलं. ब्रेड पूर्ण निवल्याशिवाय पिशवीत घालायचा नाही, कारण कोमट ब्रेड पिशवीत घाम सोडतो आणि ऊबही टिकते. स्लायसरची पाती रोज उतरवून आधी कोरड्या ब्रशनं चुरा काढायचा, मग धुवायची, मग व्हिनेगरनं पुसायची. चुरा काढणं महत्त्वाचं, कारण बीजाणू नुसत्या पुसण्याला दाद देत नाहीत. आणि पाकिटावर मार्च ते ऑक्टोबर 'दोन दिवस', पुढे 'फ्रीझरमधे जास्त'. रोजच्या कणकेतला एक ब्रेड कापून भट्टीजवळच्या फळीवर तारखेची चिठ्ठी लावून ठेवायचा, तिसऱ्या दिवशी ओढून बघायचा. हा शेवटचा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. रोज चालणारी टेस्टच की ही!

ताईंनी पैसे घेतले, मुलाला काही झालं नव्हतं. स्टार एकच ठेवला. मित्र थोडा खट्टू झाला, पण मला त्यात काही वावगं वाटत नाही. त्यांना मिळालेला ब्रेड एका स्टारचाच होता. खाली त्यांनी एक ओळ वाढवली होती, मंगळवारचं उत्तर वाचलं म्हणून.

व्हिनेगर घटकांच्या यादीत छापलंय. दुसऱ्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकानं विचारलं, 'ब्रेड जरा आंबूस लागतोय, खराब नाही ना?' मित्रानं त्याला फळीवरचा तीन दिवसांचा ब्रेड फोडून दाखवला.